पत्रा फुटावर घ्या, पण काट्यावर पारखा

बेळगावच्या खानापूर तालुक्यात कौलं उतरवून पत्रे मारणाऱ्यांची मुख्य कारणं दोन असतात. एक म्हणजे वानरं. दुसरं म्हणजे दर मे महिन्यात कौलं परतायला माणूस मिळत नाही. निपाणी-चिकोडीकडे वरच्या खोलीला स्लॅब परवडत नाही म्हणून पत्रे येतात, आणि अथणी-रायबागकडे वळवाच्या वाऱ्यानं जुनं छप्पर उडालं म्हणून. कारण काहीही असो, दुकानात प्रश्न एकच विचारला जातो: "फुटाला काय दर?" या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण त्यावरून आपण नक्की काय विकत घेतोय हे कळत नाही.

इथे फक्त रंगीत पत्र्याबद्दल बोलू. सिमेंटचा पत्रा अजून मिळतो, उन्हात तो कमी तापतो आणि पावसात त्याचा आवाजही कमी येतो. पण तो ठिसूळ असतो, आणि वानरांच्या उड्या किंवा फांदी पडली तर फुटतो. तुटलेल्या जुन्या सिमेंट पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, म्हणून तो घरात कापू नये. कोरडा घासूही नये. तेवढं सोडलं तर आज लहान घराला बहुतेक जण रंगीत पत्राच घेतात, आणि फसवणूकही त्यातच जास्त होते.

रंगीत पत्रा म्हणजे मधे पोलादाचं पातळ तगड. त्याच्या दोन्ही अंगांना जस्ताचा किंवा अ‍ॅल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा लेप, आणि त्यावर रंग. बाजारात ज्याला गॅल्व्हल्यूम म्हणतात त्या लेपात वजनानं ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, साधारण ४३.५ टक्के जस्त आणि थोडं सिलिकॉन असतं. छपराचा भार पोलाद पेलतं, गंज लेप अडवतो, आणि रंग उन्हापासून लेपाला झाकतो. वारा आणि माणसाचं वजन सोसायचं काम पोलादाच्या जाडीचं, तर किती वर्षं टिकेल ते मुख्यतः लेपावर ठरतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या रीतीनंच तपासाव्या लागतात. सगळा घोळ होतो तो एकाच आकड्यावर दोन्ही ओळखायला गेल्यानं.

तो आकडा म्हणजे जाडी. दुकानदार "पॉइंट पन्नास" म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा रंग आणि लेप धरून एकूण जाडी सांगत असतो. त्याला टीसीटी म्हणतात. आतल्या पोलादाची जाडी म्हणजे बीएमटी. ०.५० मिलिमीटरच्या पत्र्यावर दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम अ‍ॅल्युमिनियम-जस्त लेप असेल, तर तो लेप साधारण ०.०४ मिमी जागा खातो आणि दोन्हीकडचा रंग मिळून आणखी ०.०३ मिमी. पोलाद उरतं ०.४३. यात फसवणूक नाही, पत्रा असाच बनतो. फक्त एक दुकानदार टीसीटी सांगत असेल आणि दुसरा बीएमटी, तर दोघांच्या दरांची तुलना होऊ शकत नाही. म्हणून दर विचारण्याआधी जाडी कोणती ते विचारावं.

गेजमध्ये तर बोलूच नये. जुने मिस्त्री अजून "२६ गेज" म्हणतात, पण एका इंग्रजी कोष्टकात २६ गेज म्हणजे ०.४५७ मिमी, तर अमेरिकेच्या जस्ती पत्र्याच्या कोष्टकात तेच २६ गेज ०.५५ मिमी. दुकानदाराला सोयीचं ते कोष्टक तो वापरणार. बिलावर मिलिमीटर लिहून मागा.

आता जाडी तपासायची कशी? स्क्रू गेजनं मोजता येते, पण त्यात दोन गफलती होतात. पत्र्यावर प्लास्टिकची पातळ संरक्षक फिल्म असते. ती काढली नाही, तर तीच ०.०३-०.०५ मिमी वाढवून दाखवते. म्हणजे ०.४५ चा पत्रा बघता बघता ०.५० होतो. दुसरी गफलत म्हणजे कडेला मोजणं. कापताना कड थोडी दुमडते आणि तिथे जाडी चुकते. कडेपासून इंचभर आत, सपाट भागावर, तीन ठिकाणी मोजावं.

त्यापेक्षा सोपं साधन म्हणजे वजनकाटा. पोलादाची घनता ठरलेली आहे, एका घनमीटरला ७,८५० किलो. त्यामुळे लांबी, रुंदी आणि जाडी माहीत असली की वजन निघतं, आणि वजन माहीत असलं की जाडी. रुंदी मात्र वाकवलेल्या पत्र्याची धरायची नाही. पत्रा ज्या कॉइलमधून, म्हणजे सपाट पत्र्याच्या गुंडाळीतून, निघतो तिची धरायची. ही कॉइल बहुतेक वेळा १,२२० मिमीची, म्हणजे चार फुटांची असते. वळ्या पाडल्यावर तिची रुंदी साडेतीन फुटांच्या आसपास राहते. कॉइल खरंच चार फुटांची होती का हे बघायचं असेल, तर सुतळी पत्र्याच्या उंचवट्यांवरून आणि खोलगट भागांतून चिकटवत या कडेपासून त्या कडेपर्यंत न्या, आणि मग ती सुतळी सरळ करून मोजा.

चार फुटी कॉइलचा, १५० ग्रॅम लेपाचा, दहा फूट लांब पत्रा किती भरतो ते पाहा:

०.५० मिमी टीसीटी: सुमारे १३.३ किलो
०.४५ मिमी: सुमारे ११.८ किलो
०.४० मिमी: सुमारे १०.४ किलो
०.३५ मिमी: सुमारे ८.९ किलो

म्हणजे दहा फुटांच्या पत्र्यात जाडी ०.०५ मिमीनं उतरली की वजन दीड किलोनं उतरतं. इतका फरक धान्याच्या काट्यावर सहज दिसतो. कारखान्यातून येतानाच जाडीत थोडं उणं-अधिक असतं, त्यामुळे १३.३ च्या जागी तेरा भरला तर भांडू नये. बाराच्या खाली आला, तर तो ०.५० नव्हे. एकच पत्रा न तोलता पाच पत्र्यांची चळत तोलून पाचानं भागलं, तर काट्याची चूकही कमी होते.

एवढं केलं की जाडी कळली. लेप मात्र काट्यावर कळत नाही, उलट काटा तिथे दिशाभूल करतो. कसं ते बघा. त्याच ०.५० टीसीटीच्या पत्र्यावर लेप १५० ऐवजी ७० ग्रॅमच असेल, तर लेपाची जागा साधारण ०.०२ मिमीनं कमी होते आणि तिथे पोलाद येतं. लेपाचा धातू पोलादाच्या निम्म्याहूनही हलका असतो. त्यामुळे कमी लेपाचा पत्रा काट्यावर थोडा जास्तच भरतो. आमच्या हिशेबानं दहा फुटांना १३.६ किलो. स्क्रू गेज ०.५० म्हणणार, काटा "भारी" म्हणणार, रंग तोच दिसणार. फरक दिसायला चार-सहा पावसाळे जावे लागतील, आणि दिसेल तो वळचणीच्या कापलेल्या कडेवर आणि स्क्रूच्या भोवती. जांबोटी, कणकुंबी भागात महिनोन्महिने पत्रा वाळतच नाही. तिथे हा फरक लवकर बाहेर येतो. रायबागकडे तोच पत्रा बराच काळ चांगला दिसेल.

लेप ओळखायचा तो कागदावरून आणि छाप्यावरून. चांगल्या कारखान्याच्या पत्र्याच्या पाठीवर ठराविक अंतरानं कारखान्याचं नाव, जाडी आणि लेप छापलेला असतो. "एझेड १५०" म्हणजे अ‍ॅल्युमिनियम-जस्त, दोन्ही बाजू मिळून १५० ग्रॅम. "झेड १२०" म्हणजे नुसतं जस्त, १२० ग्रॅम. नुसत्या जाडीचा छापा असेल आणि लेपाचा नसेल, तर तोच प्रश्न विचारायला निमित्त मिळालं समजा. छापा पुसट असला, किंवा अर्ध्या पत्र्यांवर असून अर्ध्यांवर नसला, तर माल दोन कॉइलचा असू शकतो. दुसरा कागद म्हणजे कॉइलचं चाचणी प्रमाणपत्र. त्यावर कॉइल क्रमांक, जाडी, लेप आणि पोलादाची ताकद असते. भारतीय मानकांत जस्ती पत्र्याला आयएस २७७ आणि अ‍ॅल्युमिनियम-जस्त लेपाच्या पत्र्याला आयएस १५९६१ हे क्रमांक आहेत, आणि प्रमाणपत्रावर मानकाचा क्रमांक असतो. कॉइलवरच्या पट्टीवरचा क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ झालं.

दुकानदाराची पत इथे कामाला येते. बरेच दुकानदार स्वतः कॉइल आणून आपल्याकडच्या यंत्रावर वळ्या पाडून, हव्या त्या लांबीत पत्रा कापून देतात. ही चांगली सोय आहे, कारण आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड पत्रा मिळतो आणि मधे जोड येत नाही. पण कॉइल कोणती चढवली हे आपण तिथे नसलो तर कळत नाही. म्हणून कापायच्या दिवशी जावं आणि कॉइलची पट्टी बघावी. तिचा फोटो काढून द्यायला दुकानदार तयार आहे का, बिलावर "टीसीटी ०.५०, एझेड १५०, कॉइल क्रमांक अमुक" असं लिहून देतो का, आणि माल काट्यावर घालू देतो का, हे तीन प्रश्न ठेवावेत. बिल कन्नडमध्ये असो, इंग्रजीत असो की मराठीत, हे आकडे तिन्हीत सारखेच दिसतात. तीन प्रश्नांवर कुरकुर करणाऱ्याचा दर कितीही गोड असला तरी घेऊ नये.

मिस्त्री सांगेल त्या दुकानाला जाणं हा आपल्याकडचा रिवाज. मिस्त्रीची वाट बहुतेकदा बरोबर असते, पण कधी कधी त्याला त्या दुकानातून काहीतरी सुटतं, हेही उघड गुपित आहे. त्यापेक्षा दुकानदाराला विचारा, आठ-दहा वर्षांपूर्वी कुणाच्या घराला पत्रे दिले होते. तिथे जाऊन वर चढायची गरज नाही. वळचणीखाली उभं राहून कापलेली कड बघा. कडेपासून रंग सुटून आत सरकलेला दिसतो का? स्क्रूखाली तांबूस ओघळ आहेत का? कडेला एक-दोन मिलिमीटर रंग सुटलेला चालतो. बोटभर आत सुटला असेल, तर लेप कमी होता किंवा पत्रा ग्राइंडरनं कापला होता. वॉरंटीचं तोंडी बोलणं ऐकून सोडून द्यावं. कारखान्याची वॉरंटी असेल तर ती कॉइल आणि बिलाशी जोडलेली लेखी असते, आणि बहुतेक वेळा तिच्यात एक अट असते: जनावरांच्या गोठ्यावर पत्रा मारला तर ती लागू नाही.

ही अट उगीच नसते. शेण-मुताच्या वाफेत अमोनिया असतो आणि ओलाव्याबरोबर तो अ‍ॅल्युमिनियम-जस्ताच्या लेपाला खालून खातो. आपल्याकडे घर आणि गोठा एकाच छपराखाली असणं नवीन नाही. तसं असेल तर गोठ्याच्या बाजूला छपरात हवा जायला वरून वाट ठेवा, म्हणजे वाफ पत्र्याखाली कोंडत नाही.

आता एक घर घेऊन हिशेब करू. खानापूर भागातलं, बाहेरून चोवीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद घर, आढं लांबीच्या दिशेनं, दोन पाखी छप्पर. रुंदीच्या निम्मे आठ फूट, आणि भिंत भिजू नये म्हणून दीड फूट वळचण, म्हणजे आडवं साडेनऊ फूट. इथला पाऊस बघता उतार तीन फुटाला एक फूट घ्यावा. मग पाखाची तिरकी लांबी निघते दहा फूट. आढ्याच्या दिशेनं चोवीस फूट, अधिक दोन्ही टोकांना एक-एक फूट, म्हणजे २६ फूट, साधारण ७.९ मीटर. एका पत्र्यानं जोड वजा जाता झाकलं जातं सुमारे एक मीटर. (हा आकडा दुकानदाराला विचारून घ्या, कारण प्रत्येक यंत्राच्या वळ्या वेगळ्या. साडेतीन फूट ही एकूण रुंदी, झाकली जाणारी नव्हे.) म्हणून एका पाखाला आठ पत्रे, दोन पाखांना सोळा, एकूण १६० फूट पत्रा.

समजा, एका दुकानात "पॉइंट पन्नास"चा दर फुटाला ११५ रुपये सांगितला आणि दुसऱ्यात १२५. पहिल्याचं बिल १८,४०० आणि दुसऱ्याचं २०,०००. सोळाशे रुपये वाचले असं वाटतं. पहिल्याचा दहा फुटांचा पत्रा काट्यावर ११.८ किलो भरला, तर तो ०.४५ चा, आणि किलोमागे पडले सुमारे ९७ रुपये. दुसऱ्याचा १३.३ किलो भरला, तर किलोमागे ९४ रुपये. फुटात स्वस्त असलेला वजनात महाग निघाला. दर आपल्याकडे पोलादाच्या भावानुसार बदलत राहतील, पण फुटाचा दर पत्र्याच्या लांबीनं गुणून वजनानं भागायचा, हा हिशेब तसाच राहतो. कोल्हापूर-गडहिंग्लजहून आणलं तर जीएसटी तिकडेही १८ टक्केच आहे, तेव्हा सीमा ओलांडून कर वाचेल या भरवशावर जाऊ नये. फरक पडतो तो गाडीभाड्यात, आणि एखादा पत्रा वाकडा निघाला तर परत न्यायच्या हेलपाट्यात.

जाडी किती घ्यावी? हे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांच्या, म्हणजे परलीनच्या, अंतरावर अवलंबून आहे. या घराला पाखाच्या दहा फुटांत चार परलीन घातल्या, तर मधलं अंतर तीन फुटांच्या आत राहतं. ०.५० चा पत्रा त्यावर माणूस चालला तरी सहसा दबत नाही. तीनच परलीन घातल्या, तर अंतर साडेचार फुटांच्या जवळ जातं. पत्रा पाऊस पेलेल, पण सोलरचं पॅनल बसवायला किंवा पानं काढायला कोणी चढलं की वळ्या बसतील. वळी बसली की तिथे पाणी साठतं, आणि साठलेल्या पाण्याखाली रंग आधी जातो. खर्च कमी करायचा असेल तर पत्रा ०.४५ चा आणि परलीन चार, हा सौदा पत्रा ०.५० चा आणि परलीन तीन यापेक्षा चांगला. ०.४० च्या खालचा पत्रा राहत्या घराला घेऊ नये. पातळ पत्रा जास्त कडक पोलादाचा बनवून विकतात. तो हाताला ताठ लागतो आणि गिऱ्हाइकाला मजबूत वाटतो. तो ताठपणा पोलादाच्या कडकपणाचा असतो, जाडीचा नव्हे.

स्क्रूचा खर्च सगळ्यात कमी आणि त्यातलं नुकसान सगळ्यात जास्त. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, जिथे पाणी वाहत नाही, म्हणून तो लांब लागतो, साधारण ५५ मिमी. उंचवटे पाव मीटरवर असतील, तर वरच्या आणि खालच्या परलीनवर प्रत्येक उंचवट्याला एक आणि मधल्या दोन परलीनवर एकाआड एक, असे एका पाखाला शंभरेक आणि घराला दोनशे स्क्रू लागतात. पत्र्यांच्या जोडावर, दोन परलीनच्या मधोमध, लहान स्क्रू वेगळे, तेही चाळीसेक. वॉशरचं रबर ईपीडीएम मागा. स्वस्त काळं रबर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतं आणि पहिल्या मोठ्या पावसात घरात टपटप सुरू होते. घट्ट करताना रबर वॉशरच्या कडेला जेमतेम दिसावं. बाहेर फुगलं की जास्त आवळलं, आणि स्क्रू हातानं फिरत असेल तर कमी.

पत्रे मारायला सुरुवात पूर्वेच्या टोकाकडून करावी, आढं पूर्व-पश्चिम असेल तर. पुढचा पत्रा आधीच्यावर चढत पश्चिमेकडे जातो, म्हणजे जोडाची उघडी कड पूर्वेला राहते आणि पश्चिमेचा पावसाळी वारा तिच्यात घुसत नाही. कापायचं असेल तर कात्री किंवा निबलर वापरायला सांगा. ग्राइंडरच्या ठिणग्या जिथे पडतात तिथे रंग आणि लेप दोन्ही जळतात, आणि सहा महिन्यांत तांबडे ठिपके उठतात. खुणा करायला शिसपेन्सिल नको, तिच्यातलं ग्राफाइट या लेपाला गंजायला मदत करतं. मार्कर चालतो. भिंतीला लागून ओलं सिमेंट किंवा चुना पत्र्यावर सांडला, तर वाळायच्या आत धुऊन टाका, कारण त्यातला अल्क अ‍ॅल्युमिनियमला खातो.

माल आणल्या दिवशीच चढत नसेल, तर चळत जमिनीवर न ठेवता लाकडी ओंडक्यांवर, एक बाजू थोडी उंच करून ठेवा. चळतीत पाणी शिरलं आणि वाट मिळाली नाही, तर पत्र्यांच्या मधे डाग पडतात, नुसत्या जस्तावर पांढरे आणि अ‍ॅल्युमिनियम-जस्तावर काळपट. फिल्म उन्हात राहिली की चिकटून बसते आणि मग सोलताना रंग ओढते, म्हणून पत्रा चढवतानाच ती काढावी. काम संपल्यावर संध्याकाळी स्क्रूच्या भोकांतून निघालेला लोखंडी चुरा मऊ झाडूनं पत्र्यावरून काढून घ्या. तो रात्रभर दवात राहिला की सकाळी तांबूस होतो, आणि नव्या पत्र्यावर गंज चढला असं वाटून दुकानदाराला उगीच फोन जातो.